सहा विजय, पण कोणाविरुद्ध?

हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके आहेत. समजा, प्रत्येक तालुक्याचा एक शालेय कबड्डी संघ आहे आणि हे संघ वर्षभर सवडीप्रमाणे एकमेकांशी खेळतात. वर्षाअखेर कळमनुरीने दहापैकी सहा सामने जिंकले, सेनगावनेही दहापैकी सहाच जिंकले. मग दोन्ही संघ सारखेच बलवान म्हणायचे काय?

तुम्ही लगेच विचाराल, "सहा विजय खरे, पण कोणाविरुद्ध?" कळमनुरीचे विजय दुबळ्या संघांवरचे असतील आणि सेनगावने बलाढ्य वसमतला नमवले असेल, तर दोघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण येथे एक पेच आहे. वसमत बलाढ्य आहे हे तरी आपल्याला कशावरून कळले? तेही सामन्यांच्या निकालांवरूनच! म्हणजे प्रत्येकाचे बळ इतरांच्या बळावरून ठरवायचे आणि इतरांचे बळ मात्र अजून ठरायचेच आहे.

हा पेच सोडवण्याची एक सोपी रीत अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी घालून दिली. एलो (१९०३–१९९२) जन्माने हंगेरियन होते आणि अमेरिकेतील मिलवॉकी येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने, म्हणजे 'फिडे'ने, १९७० मध्ये स्वीकारली. पुढे ती सांघिक खेळांतही आली. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने महिला संघांसाठी २००३ पासून आणि पुरुष संघांसाठी २०१८ पासून याच तत्त्वावरची क्रमवारी सुरू केली.

आधी अंदाज, मग दुरुस्ती

प्रत्येक संघाला एक अंक द्यायचा. त्याला आपण मानांक म्हणू. सुरुवातीला सर्वांना सारखाच, समजा १५००. दोन संघ भेटण्यापूर्वी त्यांच्या मानांकांतील फरकावरून निकालाचा अंदाज करायचा. विजयाला १, बरोबरीला अर्धा आणि पराभवाला ० धरले, तर

अपेक्षित निकाल = १ ÷ (१ + १०^(फरक ÷ ४००))

येथे फरक म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मानांकातून आपला मानांक वजा करून येणारी संख्या. दरवेळी हे गणित करायला नको, म्हणून वरचढ संघाचा अपेक्षित निकाल कोष्टकात दिला आहे. दुबळ्या संघाचा हवा असेल, तर तो १ मधून वजा करावा.

| मानांकांतील फरक | वरचढ संघाचा अपेक्षित निकाल |
|---|---|
| ० | ०.५० |
| १०० | ०.६४ |
| २०० | ०.७६ |
| ३०० | ०.८५ |
| ४०० | ०.९१ |

सामना झाला की प्रत्यक्ष निकालातून अपेक्षित निकाल वजा करायचा. ही झाली अंदाजातली चूक. तिला एका ठराविक संख्येने गुणून मानांकात मिळवायचे. या संख्येला सुधारगुणक म्हणू आणि तो ४० घेऊ.

उदाहरणासाठी समजा, काही सामन्यांनंतर वसमत १७००, कळमनुरी आणि सेनगाव प्रत्येकी १५००, तर औंढा नागनाथ आणि हिंगोली प्रत्येकी १४०० वर आहेत. आता सेनगावने वसमतला हरवले. सेनगावचा अपेक्षित निकाल ०.२४ होता, प्रत्यक्षात १ आला. चूक ०.७६, तिला ४० ने गुणले की सुमारे ३०. सेनगाव १५३० वर गेला आणि तेवढेच अंक गमावून वसमत १६७० वर आला. त्याच दिवशी कळमनुरीने औंढा नागनाथला हरवले. तेथे विजय बराचसा अपेक्षितच होता. चूक फक्त ०.३६, म्हणून कळमनुरीला १४ अंक मिळाले. विजय दोघांचा एकेकच, पण आपला पहिला प्रश्न येथे सुटला.

मानांक स्थिर कोठे होतो?

समजा, सेनगाव आणि वसमत यांच्या बळात खरोखरच २०० अंकांचाच फरक आहे. मग शंभर सामन्यांत सेनगाव साधारण २४ जिंकेल आणि ७६ हरेल. एका विजयाला ३०.४ अंकांची कमाई, म्हणून एकूण ७२९.६. एका पराभवाला ९.६ अंकांची घट, म्हणून ७६ पराभवांत एकूण पुन्हा ७२९.६! जमाखर्च बरोबर जुळतो आणि मानांक सरासरीने जागचा हलत नाही.

आता समजा, सेनगाव त्यापेक्षा चांगला आहे आणि शंभरात ३६ सामने जिंकतो. मग जमा खर्चाहून जास्त होईल आणि सेनगाव वर चढू लागेल. पण तो जसजसा चढेल, तसतशी प्रत्येक विजयाची कमाई कमी होईल. फरक १०० वर आला, की अपेक्षा ०.३६ ची होते आणि चढण थांबते. म्हणजे खऱ्या बळाचा अंक कोणी सांगितलेला नसतानाही निकालच मानांकाला त्याच्या जवळ नेऊन ठेवतात.

सुधारगुणक मोठा असेल तर मानांक लवकर जागेवर येतो, पण एखाद्या योगायोगाच्या निकालानेही डोलतो. लहान असेल तर तो शांत राहतो, पण खरी प्रगती उशिरा दाखवतो. म्हणून फिडे नवख्या खेळाडूंसाठी ४० आणि एकदा २४०० अंक गाठलेल्यांसाठी १० घेते. जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखची गाठ कोनेरू हंपीशी पडली. हंपीचा मानांक सुमारे ८० ने अधिक होता, म्हणजे दिव्याचा अपेक्षित निकाल ०.३९. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. दुबळ्या बाजूची बरोबरी हीसुद्धा कमाईच, पण सुधारगुणक १० असल्याने दोन्ही डाव मिळून ती सुमारे २ अंकांचीच झाली. दिव्याने जलद डावांत विजेतेपद मिळवले, पण जलद डावांचा मानांक निराळा ठेवला जातो.

मानांकाला न दिसणाऱ्या गोष्टी

आपल्या पाच संघांची बेरीज करून पाहा. ती ७५०० येते आणि कितीही सामने झाले तरी तेवढीच राहते, कारण एकाने मिळवलेले अंक दुसऱ्याने गमावलेले असतात. पाचही संघ कसून सराव करून सारखेच सुधारले, तरी एकाचाही मानांक वाढणार नाही. तसेच नांदेड जिल्ह्यातील संघ आपसांतच खेळून कोणी १७०० वर पोचला, तर तो वसमतच्या तोडीचा आहे असे म्हणता येणार नाही. दोन्हीकडचे संघ एकमेकांशी भिडू लागले, तरच अंक इकडून तिकडे जातील आणि दोन मापे जुळतील.

दुसरी अडचण शालेय संघाची. दहावीचे खेळाडू शाळा सोडून जातात, पण मानांक संघाच्या नावावर तसाच राहतो. जूनमध्ये वसमतचे १७०० अंक हे बऱ्याच अंशी मैदानावर नसलेल्या मुलांचे असतात. यावर उपाय म्हणून नव्या वर्षी प्रत्येक मानांक १५०० च्या दिशेने थोडा सरकवतात. एक तृतीयांश सरकवला, तर वसमत सुमारे १६३३ वर येईल.

मानांक विश्वासार्ह आहेत की नाहीत, हे वहीतूनच कळते. सुमारे २०० चा फरक असलेले सगळे सामने वेगळे काढा आणि वरचढ संघाने त्यांतले किती जिंकले ते मोजा. चारांत तीनच्या आसपास असतील तर ठीक. निम्मेच असतील, तर कागदावरचा फरक खऱ्या फरकाहून मोठा आहे.

करून पाहा : वरच्या मूळ मानांकांनुसार हिंगोलीने वसमतला बरोबरीत रोखले, तर दोघांचे नवे मानांक किती?

(उत्तर : हिंगोली १४१४, वसमत १६८६)