कपड्यांचा वर-खाली होणारा स्टँड : कप्पी, दोरी आणि खुंटीचा पाठ

सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘साधी यंत्रे’ शिकवताना कप्पीचं उदाहरण म्हणून आपण विहिरीवरचा रहाट किंवा झेंड्याचा खांब सांगतो. मुंबईच्या मुलांनी विहीर क्वचितच पाहिलेली असते, आणि झेंड्याची दोरी वर्षातून दोन-तीनदाच हलते. पण त्यांच्या घरात छताला टांगलेला, दोरीने वर-खाली होणारा कपडे वाळत घालायचा स्टँड असतो. तो कधी घसरतो, कधी अडकतो, आणि तेव्हाच त्यातून सगळ्यात जास्त शिकता येतं.

वरळी कोळीवाड्यातल्या एका विद्यार्थ्याच्या घरचा असा स्टँड आम्ही दुरुस्त केला. तीच दुरुस्ती इथे पाठ म्हणून मांडते. घर लहान, गल्ली अरुंद, त्यामुळे कपडे छतालाच वाळणार. स्टँडला चार पाइप होते. दोन पाइप ठीक चालत होते, उरलेले दोन वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडले होते. एक खाली यायलाच तयार नव्हता. दुसरा रात्री वर बांधावा तर सकाळी वीतभर खाली आलेला असे आणि मध्येच अडकूनही बसे.

आधी दोरीचा रस्ता बघा

प्रत्येक पाइपला दोन दोऱ्या असतात, एकेका टोकाला एक. छतावर दोन पट्ट्या असतात आणि त्यात कप्प्या. खुंटीजवळच्या पट्टीला आपण ‘पुढची’ म्हणू, लांबच्या पट्टीला ‘मागची’. पाइपच्या पुढच्या टोकाची दोरी वर जाते, पुढच्या कप्पीवरून वळते आणि भिंतीवरच्या खुंटीकडे उतरते. मागच्या टोकाची दोरी मागच्या कप्पीवरून वळून छताला समांतर पुढे येते, पुढच्या पट्टीतल्या कप्पीवरून वळते आणि त्याच खुंटीकडे येते. खाली दोन्ही दोऱ्या एकत्र बांधलेल्या असतात, म्हणून एका ओढीत पाइप सपाट वर जातो.

मुलांना इथे एक प्रश्न विचारा : पाइप आणि ओले कपडे मिळून ६ किलो असतील, तर हाताला किती वजन लागेल? बरीच मुलं सांगतात, ‘कप्पी आहे, म्हणजे कमी लागेल.’ तसं होत नाही. या कप्प्या एका जागी बसवलेल्या आहेत. त्या फक्त ओढण्याची दिशा बदलतात. प्रत्येक दोरीवर ३ किलो, आणि दोन्ही दोऱ्या हातात, म्हणजे पूर्ण ६ किलो. वर घर्षणाचं थोडं आणखी.

पाइप खाली येताना मात्र आपण ढकलत नाही, तो स्वतःच्या वजनाने येतो. तेव्हा एक सोपी खूण लक्षात ठेवा. कपडे असताना पाइप खाली येतो आणि रिकामा असताना अडकतो, तर वर कुठेतरी घर्षण वाढलेलं आहे आणि रिकाम्या पाइपचं वजन त्याला पुरं पडत नाही.

अडकतो कशामुळे?

त्या घरी जाळ्याच्या दोऱ्या हाताशी होत्या. तुटलेल्या दोरीच्या जागी एका पाइपला जाड, पिळाची, सुमारे ६ मिलिमीटरची दोरी लावली होती. ‘मजबूत आहे, बोटीवर चालते,’ असं घरातल्यांचं म्हणणं, आणि मजबुतीबद्दल ते बरोबरच होतं. पण स्टँडच्या कप्पीची खाच ४ मिलिमीटर दोरीसाठी होती. जाड दोरी खाचेत बसत नाही, कप्पीच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना घासते आणि चाक फिरूच देत नाही.

दुसऱ्या पाइपला २ मिलिमीटरची बारीक, गुळगुळीत दोरी होती. ती खाचेतून उडून चाक आणि पत्रा यांच्या फटीत शिरायची. म्हणजे जाड आणि बारीक दोन्ही दोऱ्या अडकतात, फक्त जागा वेगळी.

स्टुलावर चढण्याआधी पंखा बंद करा, कपडे काढा आणि दुसऱ्याला दोरी हळूहळू सोडायला सांगा. तुम्ही चाकाकडे बघा. दोरीबरोबर चाक फिरत असेल तर कप्पी ठीक आहे. चाक थांबलेलं आणि दोरी त्याच्यावरून घसरत असेल तर आस जाम झाला आहे. दोरीवर एकाच ठिकाणी काळा डाग, चपटेपणा किंवा सुटलेले धागे दिसले, तर ती तिथेच चिमटत होती.

कोळीवाड्याला समुद्राचा वारा लागतो. त्यातलं मीठ आसावर बसतं, हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि लोखंडी आस गंजून फुगतो. अशा वेळी आधी साध्या पाण्याने मीठ धुऊन काढा, वाळवा, मग आसाला मेणबत्तीचं मेण लावा. जेवणाचं तेल नको, त्यावर धूळ चिकटते आणि कपड्यांना डाग पडतात. धुऊनही चाक फिरलं नाही तर कप्पी बदलायची.

घसरतो कशामुळे?

आधी कुठलं टोक खाली आलं ते बघा. एकच टोक उतरलं असेल तर त्या दोरीची पाइपजवळची किंवा जोडाची गाठ सरकली आहे. दोन्ही टोकं सारखी उतरली असतील तर दोरी खुंटीवर घसरते आहे. आमचा दुसरा पाइप या प्रकारचा होता.

ही खुंटी म्हणजे दोन शिंगांची, मधे बुंधा असलेली. दोरी धरून ठेवायचं काम बुंध्याभोवतीचा वेढा करतो. समजा, एका पूर्ण वेढ्यानंतर दोरीतला ताण चौथाईवर येतो. मग ६ किलोचे दीड किलो उरतात, दुसऱ्या वेढ्यानंतर चारशे ग्रॅमच्या आत, तिसऱ्यानंतर शंभर ग्रॅमच्या आत. ताण बेरजेने कमी होत नाही, प्रत्येक वेढ्याला पटीने घटतो. या नियमाचं गणित अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडलं. बोटीवर दोरी खुंटाला गुंडाळून एकटा माणूस मोठा ताण धरून ठेवतो, तो याच जोरावर.

त्या घरी दोरी शिंगाला अर्धा वेढा देऊन लगेच गाठ मारत होते. त्यामुळे भाराचा मोठा भाग गाठीवर यायचा. गुळगुळीत दोरीची गाठ रात्रभर सरकायची. पुन्हा घट्ट मारली की ओल्याने आवळून बसायची आणि सकाळी सुटायची नाही. घसरणं आणि न सुटणं ही दोन्ही दुखणी त्या एका गाठीची होती.

बरोबर पद्धत अशी. दोरी आधी दूरच्या, म्हणजे खालच्या शिंगामागून न्या. बुंध्याभोवती एक पूर्ण वेढा घ्या. मग दोन्ही शिंगांवरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन-तीन फेरे. शेवटच्या फेऱ्यात दोरी पिळून एक फास शिंगावर चढवा. तोवर ताण इतका कमी झालेला असतो की हा फास सैल राहतो आणि एका बोटाने सुटतो. विद्यार्थ्याचे आजोबा हे बघून म्हणाले, ‘बाई, हे आम्ही बोटीवर रोज करतो. घरात कोणी केलंच नाही!’

दोरी किती लागली?

छत ९ फुटांवर, खुंटी ५ फुटांवर. खुंटी मुद्दाम उंच ठेवली, कारण लोंबत्या दोरीचा फास लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकतो. कपडे घालताना पाइप छतापासून साडेचार फूट खाली येतो. दोन पट्ट्यांत ४ फूट अंतर.

पुढची दोरी : साडेचार फूट खाली, ४ फूट खुंटीपर्यंत, २ फूट गाठी व वेढ्यांसाठी. एकूण साडेदहा फूट. मागच्या दोरीला छतावरचे ४ फूट जास्त, म्हणून साडेचौदा. एका पाइपला २५ फूट, दोन पाइपना ५० फूट. हा हिशेब मुलांकडून करून घ्या. पाइप सगळ्यात खाली असतानाचं माप का धरलं, हे त्यांनी सांगितलं पाहिजे.

दोरी ४ मिलिमीटरची, विणलेली घेतली. पिळाची दोरी भार आला की उलगडायला बघते आणि शेजारच्या दोरीत गुंतते. टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद केली. जुनी दोरी काढून टाकली नाही. तिच्या टोकाला नव्या दोरीचं टोक, एकावर एक न ठेवता, समोरासमोर धरून दोऱ्याने शिवलं, पातळ टेप लावली आणि जुनी ओढली. नवी दोरी तिच्या मागोमाग सगळ्या कप्प्यांतून आली. त्यामुळे कुठली दोरी कुठल्या कप्पीतून जाते हा गोंधळ झाला नाही. जी दोरी आधीच तुटून निघालेली असेल, तिचा रस्ता शेजारच्या चालू पाइपवरून बघून घ्यावा.

पाइप सपाट आहे का हे नजरेने ठरवू नका. दोन्ही टोकांचं छतापासूनचं अंतर टेपने मोजा, मगच दोऱ्या एकत्र बांधा. नायलॉन भाराने आणि ओलाव्याने ताणतो, म्हणून पहिल्या ओल्या कपड्यांनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून गाठ सारखी केली.

पुढची पट्टी आधी का सुटते?

हे काम करताना पुढच्या पट्टीचे स्क्रू सैल आणि मागच्या पट्टीचे घट्ट दिसले. कारण मुलांना आकृती काढून शोधू द्या. ६ किलोच्या पाइपसाठी पुढच्या पट्टीला पुढची दोरी दोन्ही बाजूंनी खाली ओढते, म्हणजे ३ आणि ३. मागची दोरी खुंटीच्या बाजूने आणखी ३. एकूण ९ किलो. मागच्या पट्टीवर फक्त ३. चारही पाइप भरले तर पुढे ३६ आणि मागे १२! म्हणून पुढच्या पट्टीचे प्लग आणि स्क्रू नवे, लांब आणि न गंजणारे घातले. प्लास्टरपुरता शिरलेला स्क्रू इथे टिकत नाही, तो काँक्रीटमध्ये पोचला पाहिजे. छत पत्र्याचं किंवा पीओपीचं असेल तर असा स्टँड त्यावर लावूच नये.

वर्गातला प्रयोग

आडव्या गोल दांड्यावरून दोरी टाका. एका टोकाला १ लिटर पाण्याची भरलेली बाटली, दुसऱ्या टोकाला लहान बाटली. लहान बाटलीत पाणी घालत जा आणि मोठी बाटली खाली सरकायची थांबेल तेव्हा पाणी मोजा. आधी दोरी नुसती दांड्यावरून, मग एक जादा वेढा, मग दोन. प्रत्येक वेळी किती पाणी लागलं ते तक्त्यात लिहा. दोरी आणि दांडा बदलला की आकडे बदलतील, पण घट पटीने होते हे दिसेल. नंतर दोरी ओली करून पुन्हा करा.

शेवटी मुलांनी वहीत उत्तर लिहावं : स्टँडमध्ये घर्षण कुठे नको आहे आणि कुठे हवं आहे? आपल्या घरच्या स्टँडची आकृती काढून त्या दोन जागा वेगवेगळ्या रंगांनी दाखवा.