दहा ग्रॅमची खरी किंमत

लेकीच्या नावाने दर पाडव्याला आणि दसऱ्याला थोडं सोनं घ्यायचं, ही आमच्या घरची रीत. काही वर्षं ते नाण्यात घेतलं, पुढे ईटीएफमध्ये, मधल्या काळात मोबाइलवरच्या डिजिटल सोन्यातही. तिन्हीकडे सोनं तेच आणि भावही जवळपास तोच. तरी हातात उरतं ते वेगळं. का, हे हळूहळू उमगत गेलं.

१. भाव सगळे बघतात, पण खर्च होतो तो सोनं घेताना आणि मोडताना. हिशोबाला सोपं म्हणून दहा ग्रॅमचा भाव एक लाख रुपये धरू. नाण्यावर पेढी तीन टक्के घडणावळ लावते असं समजा, झाले १,०३,०००. त्यावर तीन टक्के जीएसटी, म्हणजे बिल १,०६,०९० रुपयांचं. त्याच संध्याकाळी नाणं मोडायला नेलं आणि पेढीने दोन टक्के घट धरली, तर हातात ९८,००० येतात. म्हणजे भाव सव्वाआठ टक्के वाढला तरच आपण होतो तिथे परत पोहोचतो. जीएसटी परत मिळत नाही, घडणावळ परत मिळत नाही, आणि एक-दोन ग्रॅमच्या नाण्यांवर घडणावळीचं प्रमाण आणखी चढं असतं. दर महिन्याला एक ग्रॅम जमवण्यापेक्षा वर्षातून एकदा दहा ग्रॅमचं नाणं घेणं बरं, हे मला या आकड्यांनी पटवलं. आणखी एक गोष्ट घेण्याआधीच माहीत असावी. बँका नाणं विकतात, परत विकत घेत नाहीत. ते मोडायला शेवटी सराफाकडेच जावं लागतं, आणि दुसऱ्याच्या नाण्याला तो किती घट धरेल हे तोच ठरवतो.

२. ईटीएफचा खर्च पावतीवर छापलेला नसतो, म्हणून तो नाहीच असं वाटतं. आपल्याकडचा पहिला गोल्ड ईटीएफ, गोल्ड बीज, २००७ साली आला. दलाली किरकोळ, घडणावळ नाही, घेताना आपल्याला जीएसटी नाही. पण फंड दरवर्षी आपला खर्च सोन्यातूनच कापत राहतो. तो वर्षाला ०.८ टक्के धरला, तर लाखाचं सोनं भाव स्थिर असतानाही पाच वर्षांनी साधारण ९६,०००चं आणि दहा वर्षांनी ९२,३००चं उरतं. आता वरचं नाणं आठवा. १,०६,०९० घालून ९८,००० मिळाले, म्हणजे शंभरातले सुमारे ९२ रुपये ३७ पैसे. दहा वर्षांच्या आसपास दोघं एका रेषेत येतात! त्याआधी मोडायचं असेल तर ईटीएफ स्वस्त, त्याहून लांब ठेवायचं असेल तर नाणं. मला याचं फार आश्चर्य वाटलं, कारण ईटीएफ नेहमीच स्वस्त असं मी धरून चालले होते. कमी खर्चाचा फंड निवडला तर ही रेषा आणखी पुढे सरकते. मात्र नाण्याच्या बाजूने लॉकर मोजायला विसरू नये. लॉकर आधीपासून घरच्या दागिन्यांसाठी असेल तर प्रश्न नाही. एका नाण्यासाठी वर्षाला तीन हजार भाडं भरलं, तर वर्षाला तीन टक्के तिथेच गेले आणि नाण्याचा सगळा हिशोब कोसळला.

ईटीएफ घेताना मी आता एक गोष्ट न चुकता बघते. बाजारातला भाव आणि युनिटमागच्या सोन्याचं मूल्य हे एकच नसतात. फंडाच्या संकेतस्थळावर ते मूल्य दिवसभर दिसत असतं, त्याला आय-एनएव्ही म्हणतात. सोन्याला एकदम मागणी आली की युनिट त्याच्या वर विकलं जातं. अशा वेळी आपला भाव ठरवून लिमिट ऑर्डर लावायची आणि थांबायचं. उलाढाल कमी असलेल्या ईटीएफमध्ये हा फरक वर्षाच्या खर्चाहून मोठा निघू शकतो.

३. शुद्धतेची काळजी आपण बहुधा चुकीच्या जागी करतो. ९९९ की ९९५ यावर घरोघरी चर्चा होते. दहा ग्रॅममागे हा फरक चाळीस मिलिग्रॅमचा, लाखाच्या भावात चारशे रुपयांचा. एका टक्क्याची घटसुद्धा त्याच्या अडीचपट असते. खरी भीती आहे ती आत दुसराच धातू असण्याची. सराफाकडचं एक्सआरएफ यंत्र क्षणात कॅरेट सांगतं, पण ते पृष्ठभागाचा पातळ थर वाचतं. आत काय आहे हे त्याला दिसत नाही. आत तांबं किंवा चांदी असेल तर वजन आणि आकारमान यांचा मेळ बसत नाही, कारण दहा ग्रॅम सोनं जेमतेम अर्धा घन सेंटिमीटर जागा घेतं. टंगस्टनची घनता मात्र सोन्याच्या इतकी जवळ आहे की पाण्यात बुडवूनही चोरी पकडली जात नाही. नक्की उत्तर सोनं आटवून, म्हणजे अग्निपरीक्षणानेच मिळतं, आणि तोवर नाणं नाणं राहत नाही. म्हणूनच सीलबंद कार्ड, त्यावरचं रिफायनरीचं नाव, अनुक्रमांक आणि बिल यांना किंमत आहे. कौतुकाने कार्ड फोडून नाणं पूजेत ठेवलं, की मोडताना शंका आणि घट दोन्ही वाढतात. दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सक्तीचा आहे. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बिलाशी ताडून बघावा.

ईटीएफमध्ये ही काळजी आपल्याऐवजी दुसरे करतात. सोनं किमान ९९.५ टक्के शुद्ध असावं हा सेबीचा नियम आहे, आणि लेखापरीक्षक तिजोरीतलं सोनं सहा महिन्यांनी प्रत्यक्ष मोजतात.

४. डिजिटल सोनं दोन्हीकडचे खर्च एकत्र करतं. लाख रुपये टाकले की तीन टक्के जीएसटी वजा जाऊन ९७,०८७ रुपयांचं सोनं नावावर लागतं. खरेदी-विक्रीच्या भावात तीन टक्क्यांचं अंतर असेल, तर लगेच विकल्यावर ९४,१७५ येतात. ते नाण्यात घरी मागवायचं तर घडणावळ आणि पाठवणावळ वेगळी. दहा रुपयांत सुरुवात होते ही सोय खरी, आणि ज्याच्याकडे डीमॅट नाही त्याला ती मोलाची वाटते. पण हे व्यवहार सेबीच्या नियमनाखाली येत नाहीत, असा इशारा सेबीनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तिजोरीत सोनं आहे का, हे विचारायला ईटीएफसारखा नियामक मागे उभा नाही. लेकीच्या लग्नाचं सोनं मी तिथे ठेवणार नाही.

५. शेवटी त्या सोन्याचं काय करायचं आहे, यावर बरंच ठरतं. नफ्यावर दीर्घ मुदतीचा साडेबारा टक्के कर ईटीएफला बारा महिन्यांनंतर लागू होतो, नाण्याला चोवीस महिन्यांनंतर. त्याआधी विकलं तर आपल्या उत्पन्नाच्या दराने. पैसे म्हणूनच हवे असतील, शिक्षणाला किंवा आजारपणाला, तर ईटीएफ सकाळी विकता येतो आणि कुणाशी घासाघीस करावी लागत नाही. पण मंगळसूत्र नि पाटल्याच घडवायच्या असतील, तर नाणं ज्या पेढीचं आहे तिथेच दागिन्यासाठी दिल्यावर बऱ्याच पेढ्या घट धरत नाहीत. ही अट नाणं घेतानाच बिलावर लिहून घ्यावी. आमच्याकडे आता लग्नाच्या दागिन्यांपुरतं सोनं एकाच पेढीच्या नाण्यांत आहे, बाकीचं ईटीएफमध्ये. डीमॅटला लेकीचं नामांकन केलंय आणि नाण्यांची बिलं कार्डांसोबतच ठेवली आहेत.