आज साठवण, उद्या उकल : दीर्घायुषी गुपितांचे रक्षण

बालरोगतज्ज्ञाकडे जमा होणाऱ्या माहितीचे आयुष्य दोन प्रकारचे असते. सर्दी-खोकल्याची नोंद किंवा दुधाचे प्रमाण लिहिलेली चिठ्ठी दोन-चार वर्षांत कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. परंतु नवजात बालकाचा जनुकीय अहवाल, गरोदर मातेच्या एचआयव्ही तपासणीचा निकाल, दत्तक मुलाच्या जन्माची हकिगत, अत्याचारपीडित बालकाच्या तपासणीचे कागद यांचे तसे नाही. ही गुपिते बालकाबरोबर वाढतात आणि त्याच्या विवाहाच्या, नोकरीच्या, विम्याच्या वेळीही तितकीच जिवंत असतात. आपल्यासारख्या, घराणी एकमेकांना ओळखणाऱ्या समाजात तर अधिकच. आंतररुग्णांचे कागद तीन वर्षे जपून ठेवावेत, असे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने आपणांस सांगितले आहे. पण त्या कागदांतील गुपित किती वर्षे जपावे लागेल, याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही. प्रस्तुत लेखात तोच मांडण्याचा प्रयत्न आहे.

आज हे अहवाल इंटरनेटवरून कूटबद्ध होऊन जातात. म्हणजे वाटेत कोणी त्यांची प्रत काढली तरी त्याच्या हाती निरर्थक अक्षरांचा ढीग लागतो. आपले समाधान इथेच होते. परंतु प्रत काढणाऱ्याला घाई नसेल तर? ढीग आज जपून ठेवावा आणि उकलण्याचे साधन हाती आले की वाचावा, या डावपेचास संगणकशास्त्रात ‘आज साठवा, उद्या उकला’ अशा अर्थाचे नाव आहे.

इतिहासातील एक दाखला

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून मॉस्कोला जाणाऱ्या सोव्हिएत तारांच्या प्रती अमेरिकी सैन्याकडे साठत होत्या. त्या वाचता येत नव्हत्या, तरी फेकून दिल्या गेल्या नाहीत. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांच्यावर पद्धतशीर काम सुरू झाले. हाच पुढे ‘व्हेनोना’ म्हणून ओळखला गेलेला प्रकल्प. सोव्हिएत पद्धत तत्त्वतः अभेद्य होती, कारण किल्लीचे प्रत्येक पान एकदाच वापरून नष्ट करायचे होते. पण युद्धाच्या धांदलीत १९४२ च्या सुमारास काही पाने दोनदा छापली गेली, आणि त्या फटीतून वाट सापडली. डिसेंबर १९४६ मध्ये मेरेडिथ गार्डनर या भाषातज्ज्ञाने दोन वर्षांपूर्वीची एक तार वाचली. तीत अणुबाँब प्रकल्पातील शास्त्रज्ञांची नावे होती. हे काम १९८० पर्यंत चालले.

यातील बोध असा की तार पाठवणाऱ्याने नंतर कितीही काळजी घेतली तरी आधी साठवलेल्या तारांना तिचा उपयोग नव्हता. फरक एवढाच की तेव्हाची फट पाठवणाऱ्याच्या चुकीने पडली, आणि आजच्या कुलपातील फट कोठे आहे हे आधीच ठाऊक आहे.

कुलूप कोठे कच्चे आहे

आपण प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर अहवाल उघडतो तेव्हा दोन कामे होतात. पहिल्यात आपला संगणक आणि तिकडचा संगणक यांना एका सामायिक किल्लीवर एकमत करावे लागते, तेही सर्वांना ऐकू जाईल अशा तारेवरून. दुसऱ्यात त्या किल्लीने अहवाल कूटबद्ध होतो. दुसऱ्या कामाची पद्धत भक्कम आहे. धोका पहिल्या कामाला आहे.

किल्लीवर एकमत करण्याच्या रूढ पद्धती अशा गणितावर उभ्या आहेत की ते एका दिशेने सोपे आणि उलट दिशेने फार अवघड असते. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार क्षणात होतो, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणे आजच्या संगणकांना जमत नाही. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की क्वांटम संगणक ही उलट वाट वेगाने चालू शकेल. तसा पुरेसा मोठा संगणक आज अस्तित्वात नाही. पण अंदाज खाली येत आहेत. २०४८ बिटांचे आरएसए कुलूप आठ तासांत फोडण्यास सुमारे दोन कोटी क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे मूलघटक, लागतील असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. त्याच हिशेबकर्त्यांपैकी क्रेग गिडनी यांनी मे २०२५ मध्ये तो दहा लाखांहून कमी क्युबिट आणि एका आठवड्याहून कमी वेळ इतका खाली आणला. यंत्र तेच कल्पिलेले. सुधारले ते गणित.

आता साठवणाऱ्याचे काम पाहू. तो तारेवरून दोन गोष्टी उचलतो : आरंभीची किल्लीची बोलणी आणि नंतरचा कूटबद्ध अहवाल. क्वांटम संगणक मिळाला की पहिलीवरून किल्ली काढायची आणि तिने दुसरी वाचायची. उचलताना काहीही बिघडत नाही, म्हणून चोरी झाल्याचे कोणतेही लक्षण दिसत नाही.

वैद्यकातील एक उपमा येथे चपखल बसते. तान्हेपणी झालेला गोवर बरा होतो आणि सारे विसरतात. क्वचित एखाद्या मुलात बहुधा सात ते दहा वर्षांनी मेंदूचा तो भीषण, उतरता आजार, एसएसपीई, डोके वर काढतो. त्या वेळी गोवराची लस देऊन काय उपयोग? लस संसर्गाच्या आधीच द्यावी लागते. साठवलेल्या अहवालाचेही तसेच. कुलूप नंतर बदलले तर पुढचे अहवाल वाचतात, गेलेले वाचत नाहीत.

तीन आकड्यांचा हिशेब

कॅनडातील गणितज्ञ मिशेल मोस्का यांनी यासाठी एक सुटसुटीत कसोटी दिली आहे. गुपित किती वर्षे टिकायला हवे, हा पहिला आकडा. आपल्या यंत्रणेचे कुलूप बदलण्यास किती वर्षे लागतील, हा दुसरा. फोडणारा संगणक किती वर्षांत येईल, हा तिसरा. पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्याहून मोठी असेल तर काळजीचे कारण आजच आहे.

एक उदाहरण घेऊ. या वर्षी जन्मलेल्या एका मुलीला झटके येतात, म्हणून आपण तिची जनुकीय तपासणी करवतो आणि तिचा संपूर्ण तपशील दुसऱ्या शहरातील तज्ज्ञाकडे जातो. तिचे आयुष्य ८० वर्षे धरू. प्रयोगशाळेला कुलूप बदलण्यास ५ वर्षे लागतील असे समजू. बेरीज ८५. तिसरा आकडा कोणालाच ठाऊक नाही. १५ धरला तर मुलगी दहावीत असताना तिचा अहवाल वाचनीय होईल. ४० धरला, तरी तोवर तिला मुले झालेली असतील, आणि अहवालातील अर्धी जनुके त्यांचीही असतील. तिसरा आकडा कसाही फिरवला तरी निष्कर्ष फिरत नाही. याउलट बँकेचा ओटीपी पाच मिनिटांचा असतो. त्याच्या बाबतीत पहिला आकडा जवळजवळ शून्य, म्हणून साठवून ठेवण्यात अर्थ नाही. डिजिटल स्वाक्षरीचेही बरेचसे असेच आहे : खोटी स्वाक्षरी करण्यास संगणक त्या वेळी हाती असावा लागतो, भूतकाळात जाऊन करता येत नाही. म्हणून घाई आहे ती दीर्घायुषी गुपितांचीच.

मर्यादाही सांगितली पाहिजे. नव्या पद्धतींत प्रत्येक जोडणीची किल्ली वेगळी असते, त्यामुळे प्रत्येक जोडणी स्वतंत्रपणे फोडावी लागेल. ते महागडे काम असल्याने निवडक लक्ष्यांवरच होईल. आपल्या ओपीडीतील खोकल्यासाठी कोणी ते करणार नाही. पण हजारो जनुकसंचांचा साठा एका जोडणीतून जात असेल, तर ते मोलाचे लक्ष्य आहे.

उपाय आणि त्याची पारख

अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे ‘निस्ट’ने, ऑगस्ट २०२४ मध्ये किल्लीच्या बोलणीसाठी ML-KEM नावाची नवी पद्धत प्रमाणित केली. तिचे गणित वेगळे असून शोर यांची युक्ती तेथे चालत नाही. तरीही ती सध्या बहुधा जुन्या पद्धतीसोबत जोडीनेच वापरतात. याचे कारण २०२२ मध्ये दिसले. त्याच निवड-स्पर्धेतील SIKE ही एक उमेदवार पद्धत साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर सुमारे तासाभरात फुटली. जोडीतील एक कुलूप फुटले तरी दुसरे टिकावे, हा हेतू.

आपल्या प्रयोगशाळेचे संकेतस्थळ ही जोडी वापरते का, हे पाहता येते. संगणकावर क्रोममध्ये ते उघडून F12 दाबावे आणि Security हा भाग पाहावा. तेथे `X25519MLKEM768` असे दिसले तर जोडी आहे. नुसते `X25519` किंवा `P-256` दिसले तर जुनेच कुलूप आहे. मात्र ही पारख आपल्या संगणकापासून त्यांच्या पहिल्या दारापर्यंतचीच. आतील प्रती, ईमेल आणि बॅकअप यांविषयी ती काही सांगत नाही. तो प्रश्न प्रयोगशाळेला लेखी विचारावा.

साठवलेल्या फायलींचा प्रश्न निराळा आहे. तेथे एईएस-२५६ ही पद्धत क्वांटम संगणकासमोरही पुरेशी मानली जाते. कच्ची असते ती पासवर्डची बाजू. अनेक अहवालांचा पासवर्ड ‘नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष’ असा असतो. नाव माहीत असेल तर शंभर प्रयत्न पुरतात. बालकाच्या बाबतीत तेवढेही नकोत. नाव माहीत नसले तरी सव्वीस अक्षरांच्या चार जागा आणि शंभर वर्षे मिळून सुमारे साडेचार कोटी पर्याय होतात, आणि साधा संगणकही ते तपासून संपवतो. अशा फायलीसाठी कोणी क्वांटम संगणकाची वाट पाहणार नाही. लांब, यादृच्छिक पासवर्ड द्यावा आणि तो फायलीबरोबर त्याच ईमेलने पाठवू नये.

शेवटी सर्वांत स्वस्त उपाय : जे पाठवलेच नाही ते साठवता येत नाही. तज्ज्ञाला एका जनुकातील बदलाविषयी मत हवे असेल, तर संपूर्ण जनुकसंच पाठवण्याचे कारण नाही. नाव खोडून तो पाठवला, तरी फारसे साधत नाही. नातेवाइकांच्या जनुकांशी ताडून मालक शोधता येतो, म्हणजे जनुकसंच हेच ओळखपत्र. तो जावयाचाच असेल तर पेनड्राइव्हवर एईएस-२५६ ने कूटबद्ध करून हस्ते पाठवावा. तारेवर जे गेलेच नाही, त्याची प्रत तारेवरून कोणाला काढता येत नाही. आणि पुढच्या वेळी अहवाल ‘पाठवा’ हे बटण दाबण्यापूर्वी एकच विचारावे : हे गुपित किती वर्षांचे आहे? उत्तर रुग्णाच्या वयाहून मोठे निघाले, तर कुलूपही तितक्याच वर्षांचे हवे.