भाडेवाढ पाच टक्के, खिशाला चाट अठरा टक्के

करार संपायला दीड महिना असताना घरमालक काकांचा व्हॉट्सअॅप मेसेज आला. ‘यंदा फक्त पाच टक्के वाढवतोय. नवा करार २२ महिन्यांचा, १८ महिने लॉक-इन. मेंटेनन्स आणि दुरुस्त्या तुमच्याकडे. ठीक ना?’ काका स्वभावाने गोड, चार वर्षांत एकदाही वाजलं नव्हतं. तरी मी लगेच अंगठा दाखवला नाही, कागद-पेन घेऊन बसलो.

आमचं पुण्यातलं भाडं २४,००० रुपये, सोसायटीचा मेंटेनन्स त्यातच धरलेला. पाच टक्के वाढीने ते २५,२०० होत होतं. पण आता मेंटेनन्सही माझ्याकडे येणार. सोसायटीचं तिमाही बिल ९,६००, म्हणजे महिन्याला ३,२००. एकूण २८,४००. वाढ १,२००ची नव्हे, ४,४००ची. अठरा टक्क्यांच्या वर. भाडं आणि मेंटेनन्स वेगवेगळ्या वाक्यांत आले की ही बेरीज डोळ्यांआड होते.

मग काकांकडून बिलाचा फोटो मागवला. हे प्रत्येक भाडेकरूने करावंच. ९,६००मध्ये सेवा शुल्क ६,०००, पाणी १,२००, पार्किंग ६००, सिंकिंग आणि दुरुस्ती निधी मिळून १,२००, आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस ६००. लिफ्ट, वॉचमन, पाणी मी वापरतो, त्याचे पैसे माझ्याकडून घेणं समजू शकतो. पण सिंकिंग फंड इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठतो. त्याचा फायदा ज्याच्या नावावर फ्लॅट आहे त्याला. नॉन-ऑक्युपन्सी तर मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्यावर लावते (सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच लावता येते). हे १,८०० माझे नव्हेतच.

काकांना भेटून ही आकडेमोड दाखवली. ते म्हणाले, ‘अरे, मी एवढा विचारच केला नव्हता.’ खरंही असेल. मसुदा एजंटने पाठवलेला होता. शेवटी सगळं धरून २६,५०० ठरले आणि बिल काकांनीच भरायचं. वर्षभरात सोसायटीने मेंटेनन्स वाढवला, तर तो त्यांच्या वाट्याला, हा यातला छुपा फायदा.

लॉक-इनची गोष्ट जास्त नाजूक. मसुद्यात मी १८ महिने बांधलेला, काका मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर मोकळे. माझी आठव्या महिन्यानंतर बदली झाली तर उरलेल्या दहा महिन्यांचं भाडं, २,६५,००० रुपये, माझ्या बोकांडी. करार कायद्याच्या कलम ७४प्रमाणे मिळायची ती वाजवी भरपाई, त्यामुळे पुढच्याच महिन्यात नवा भाडेकरू आला तर मालकाला सगळी रक्कम मिळेलच असं नाही. पण माझं ७५,००० डिपॉझिट त्यांच्याकडे असतं आणि कोर्टाची पायरी मला चढावी लागते. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने नागपूरला बदली झाल्यावर असंच अख्खं डिपॉझिट सोडून दिलं. म्हणून मी मागितलं ते एवढंच: लॉक-इन सहा महिने आणि दोघांनाही, त्याआधी माझी बदली झाली तर फक्त एका महिन्याचं भाडं कापायचं. दोन्ही मान्य झालं.

दुरुस्तीवर मात्र चहाचे तीन कप झाले. मसुद्यात ‘सर्व दुरुस्त्या भाडेकरूने कराव्यात’ असं एकच वाक्य होतं. आमच्या बाथरूमच्या छतावर वरच्या फ्लॅटच्या गळतीचा पिवळट डाग आहे, पावसाळ्यात तो पसरतो आणि पोपडे बादलीत पडतात. या वाक्याने तो डागही माझा झाला असता. आम्ही लिहिलं ते असं: नळाचा वॉशर, बल्ब, फ्लशचा फ्लोट अशी दर वेळी १,५०० रुपयांपर्यंतची किरकोळ कामं माझी. भिंतीतली पाइपलाइन, गळती, वायरिंग आणि गीझर बदलणं काकांचं. कळवल्यावर सात दिवसांत काम सुरू झालं नाही, तर मी करून घ्यायचं आणि पावती दाखवून भाड्यातून वळतं करायचं. डागाचा फोटोही तारखेसह दोघांनी एकमेकांना पाठवून ठेवला.

हे सगळं करारातच हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४खाली, मालकाने घर परत मागितलं तर लेखी करारातला मजकूरच निर्णायक पुरावा धरतात. तोंडी ‘बघू आपण’ तिथे टिकत नाही. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो तेव्हा त्याला पुढच्या घरी जायची घाई असते, म्हणून मसुदा आदल्या दिवशी मागवून वाचला. दुरुस्तीचं जुनं वाक्य त्यात तसंच होतं. फोन करून बदलायला लावलं.

चर्चा लांबवायलाही मर्यादा आहे. मुदत संपल्यावर नव्या कराराविना राहिलात, तर त्याच कलमाखाली दुप्पट भाड्याइतकी भरपाई मागता येते. म्हणून जुना करार संपायच्या आठ दिवस आधी नोंदणी उरकून घेतली.