मशीन बंद की चालू? पहिल्या नोकरीतला वाद कसा हाताळावा

मुलगा किंवा मुलगी पहिल्या नोकरीला निघाली की घरातून दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘वरिष्ठांशी वाद घालू नकोस, नमतं घे.’ दुसरा, ‘दबून राहिलीस तर सगळे डोक्यावर बसतील.’ दोन्ही सल्ले कधी ना कधी बरोबर ठरतात. पण कोणता सल्ला कधी वापरायचा, हे मात्र कुणी सांगत नाही.

केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ मध्ये यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात विधानांच्या ३० जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतलं आपल्याला लागू पडणारं विधान निवडायचं असतं. कंपन्यांच्या प्रशिक्षणात ती आजही वापरली जाते. वादात माणूस स्वतःचं म्हणणं किती लावून धरतो आणि समोरच्याची गरज किती सांभाळतो, या दोन गोष्टींवरून ती पाच पद्धती वेगळ्या करते: आपलंच रेटणं, नमतं घेणं, टाळणं, तडजोड आणि सहकार्य.

अनेक विद्यार्थी ही चाचणी देतात आणि ‘मी नमतं घेणाऱ्यांपैकी’ असा शिक्का स्वतःवर मारून घेतात. खरं तर चाचणी आपली सवय सांगते. कुठली पद्धत वापरायची, हे समोरच्या कामावरून ठरवावं लागतं. कसं, ते कारखान्यातल्या एका प्रसंगातून पाहू.

एक प्रेस, दोन मागण्या

समजा, चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. दुपारचे ३ वाजलेत, दुसरी शिफ्ट सुरू होते आहे. मेंटेनन्समधल्या ट्रेनी इंजिनिअर मुलीच्या लक्षात येतं, की एका हायड्रॉलिक प्रेसच्या सिलिंडरमधून तेल गळतंय. पूर्वी आठवड्यातून एकदा तेल भरावं लागायचं, आता प्रत्येक शिफ्टला लागतंय. सील बदलायला हवं आणि त्याला ६ तास लागतील. ती म्हणते, ‘सर, प्रेस आत्ता बंद करावी लागेल.’

प्रॉडक्शनचे सुपरवायझर तिच्यापेक्षा वीस वर्षांनी अनुभवी. रात्री १२ वाजता २,४०० नग घेऊन ट्रक निघायचा आहे. ९०० तयार आहेत, १,५०० बाकी. तासाला सरासरी २०० नग निघतात, म्हणजे साडेसात तास लागणार. ते म्हणतात, ‘मॅडम, आज मशीन बंद होणार नाही.’

आता तिच्यापुढचे पर्याय पाहा. थेट प्लांट मॅनेजरकडे जाऊन तिने प्रेस बंद करवली, तर ते रेटणं. प्रेस रात्री ९ ला सुरू होईल, ट्रक सुटेपर्यंत फक्त ६०० नग निघतील आणि माल ९०० नगांनी कमी पडेल. उद्यापासून सुपरवायझर तिच्याशी कामापुरतंही बोलणार नाहीत, ते वेगळंच.

‘ठीक आहे सर’ म्हणून ती परत फिरली, तर ते नमतं घेणं. सील मध्येच गेलं, तर मशीनही बंद पडेल आणि मालही अडकेल. शिवाय पहिला प्रश्न तिलाच विचारला जाईल: दिसत होतं, तर सांगितलं का नाही?

आपल्याकडे सर्वांत समंजस वाटणारा मार्ग म्हणजे तडजोड: तुमचे ६ नको, माझे शून्य नको, ३ तास बंद ठेवू. पण ३ तासांत सील बदलून होत नाही. सिलिंडर उघडायचा आणि अर्धवट काम टाकून पुन्हा बसवायचा. उरलेल्या ६ तासांत १,२०० नग निघतील, म्हणजे मालही ३०० नगांनी कमी. पैसे किंवा कामाचे दिवस निम्मे वाटता येतात, दुरुस्ती येत नाही. वादाची वस्तू विभागता येते का, हे तडजोडीआधी तपासायलाच हवं.

‘का?’ विचारल्यावर काय निघतं

अमेरिकी विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ च्या एका व्याख्यानात ग्रंथालयातला साधा प्रसंग सांगितला होता. खोलीतल्या एकाला खिडकी उघडी हवी होती, त्यांना स्वतःला बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. एकाला हवा हवी होती आणि दुसरीला वाऱ्याचा झोत अंगावर नको होता, त्यामुळे दोघांचंही साधलं. मागणीच्या मागची गरज शोधणं, हेच सहकार्याचं मूळ काम.

ट्रेनीने तेच केलं. ‘सर, ट्रकचा प्रश्न समजला. त्याशिवाय आणखी काही अडचण आहे का?’ तेव्हा कळलं, की मागच्या महिन्यात ‘दोन तासांत देतो’ म्हणून बंद केलेलं मशीन अख्खी शिफ्ट बंद राहिलं, कारण उघडल्यावर लक्षात आलं की सील किट स्टोअरमध्ये नाही. सुपरवायझरचा राग दुरुस्तीवर नव्हता, मेंटेनन्सच्या शब्दावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. तिनेही आपली गरज सांगितली: प्रेस आत्ताच बंद व्हावी असं नाही, सील जाण्याआधी बदललं जावं.

मग मार्ग दिसला. साडेदहापर्यंत १,५०० नग पूर्ण होतात. तिसऱ्या शिफ्टला त्या प्रेसवर काम नाही. साडेदहाला बंद केली, तर पहाटे साडेचारला प्रेस तयार. ट्रेनीने संध्याकाळीच किट स्टोअरमधून काढून सुपरवायझरना दाखवायचं आणि फिटर थांबवून ठेवायचा. दर तासाला तेलाची पातळी आणि तापमान नोंदवायचं. तापमान ६० अंशांच्या वर गेलं, तर प्रेस त्याच क्षणी बंद, त्यावर चर्चा नाही. हे सगळं शिफ्टच्या लॉगबुकात लिहून दोघांनी सह्या केल्या. ‘बिघडलं तर काय’ हे आधीच ठरल्यामुळे रात्री ९ वाजता नव्याने भांडण होत नाही.

सहकार्य कुठे चालत नाही

हे सगळं बोलण्याआधी ट्रेनीने एक गोष्ट तपासली होती: वर थांबवलेला रॅम आपोआप खाली सरकतो का? सरकत नव्हता, म्हणून चर्चेला जागा होती. सरकत असता, तर ऑपरेटरच्या हाताला धोका होता. तिथे गरजा समजून घेत बसायचं नसतं. मशीन बंद करायचं आणि मग वरिष्ठांना कळवायचं. नग लवकर निघावेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायचं बटण कुणी बायपास केलं असेल, तिथेही तसंच. सुरक्षा आणि कायदा यांच्या बाबतीत रेटणं हाच योग्य मार्ग.

याउलट चहाची सुट्टी कधी घ्यायची किंवा रिपोर्टचा फॉरमॅट कुठला, अशा गोष्टींत नमतं घ्यावं. तिथे आपलं फारसं जात नाही आणि संबंध टिकतात. समोरचा संतापलेला असेल, तर तासभर विषय टाळणंही शहाणपणाचं. मात्र त्या तासानंतर कधी बोलायचं, ते ठरवूनच बाजूला व्हावं. सहकार्याला वेळ लागतो, म्हणून ते महत्त्वाच्या आणि पुन्हा एकत्र काम करायच्या प्रसंगांसाठी राखून ठेवावं.

मुलाखतीत आणि घरात

‘टीममध्ये मतभेद झाले तेव्हा काय केलंत?’ हा प्रश्न कॅम्पस मुलाखतीत नेहमी येतो. ‘मी सगळ्यांशी जुळवून घेतो’ या उत्तरातून काहीच कळत नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधला खरा प्रसंग सांगा: दोघांची मागणी काय होती, विचारल्यावर खरी गरज काय निघाली, काय ठरलं आणि त्याचं पुढे काय झालं. दीड-दोन मिनिटं पुरतात.

पालकांसाठी सूचना एकच. मुलगी ऑफिसातला वाद सांगायला लागली, की लगेच ‘सोडून दे’ किंवा ‘ठणकावून सांग’ म्हणू नका. आधी तीन गोष्टी विचारा: यात कुणाला इजा व्हायचा धोका आहे का? समोरच्याला हे का हवंय, ते तू विचारलंस का? या माणसाबरोबर तुला पुढेही काम करायचंय का? या तीन उत्तरांवरून कोणती पद्धत वापरायची, ते तिचं तिलाच ठरवता येईल.