उरलेल्या उष्मांकांचा हिशेब

आहारशास्त्राच्या तासाला मी वजन-उंचीचा तक्ता फळ्यावर लिहून देते. त्या तक्त्यात व्यवस्थित बसणारी मुलगी उपाशी असू शकते, हे मला एका विद्यार्थिनीमुळे नीट उमगले.

मुलगी सतरा वर्षांची, बुऱ्हाणपूरचीच, लांब पल्ल्याची धावपटू. पहाटे आसीरगडच्या रस्त्याने रोज सुमारे 12 किलोमीटर धावे. नडगीच्या आतल्या बाजूला, बोटाने दाखवता येईल एवढ्याच जागी दुखायचे. त्या पायावर उडी मारली की कळ उठायची. पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय करवला तेव्हा ते सापडले आणि त्यांनी तिला खाण्यापिण्याच्या चौकशीसाठी माझ्याकडे धाडले.

वजन 46 किलो, उंची 157 सेंटिमीटर. तक्त्याप्रमाणे सारे ठीक. वर्षभरात वजन उतरलेही नव्हते. मात्र आईला थोडा वेळ बाहेर बसवून पाळीबद्दल विचारले तेव्हा ती सहज म्हणाली, "बाई, सात महिने झाले, आली नाही. बरंच झालं, धावायला अडचण नाही." सलग तीन महिने पाळी चुकली की तपास करावा, असा नियम आहे. सरावामुळे असे होतेच, म्हणून तो सोडून देऊ नये. स्त्रीरोगतज्ज्ञांनी आधी गर्भधारणा नसल्याची खात्री केली, मग थायरॉईड, प्रोलॅक्टिन व बीजग्रंथींचे संप्रेरक तपासले. दुसरे कारण निघाले नाही. इस्ट्रोजेन मात्र कमी होते. इस्ट्रोजेन कमी झाले की हाडाची झीज भरून निघण्यापेक्षा जास्त होते. पाय आणि पाळी ही दोन दुखणी नव्हती.

आता हिशेब. तिने तीन दिवस खाल्लेले सारे वाटी-चमच्याने मोजून लिहिले. धावण्याच्या दिवसांतले खाणेही आठवून सांगितले. तेव्हा ती सुमारे 1650 किलोकॅलरी खाई. धावण्यात दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी जाते, म्हणजे 46 गुणिले 12, सुमारे 550. उरल्या 1100. चिमट्याने त्वचेखालची चरबी मोजली. ती वजा जाता शरीर 39 किलो. भागाकार 28. या आकड्याला ऊर्जा उपलब्धता म्हणतात. 45 च्या आसपास ती पुरेशी मानतात. तरुण स्त्रियांवरील 2003 सालच्या एका प्रयोगात ती 30 च्या खाली गेल्यावर, अवघ्या पाच दिवसांत, पाळीला चालना देणाऱ्या एलएच संप्रेरकाची लय बिघडली होती. अर्थात 30 ही लक्ष्मणरेषा नव्हे. वाढत्या वयात गरज जास्त असू शकते, आणि आठवून लिहिलेल्या आहारात चूक हमखास असते. शरीर खर्च आवरते म्हणून वजन टिकते. तक्ता फसतो तो इथेच.

खरा पेच पुढे होता. धावणे थांबताच तिने स्वतःहून दोन पोळ्या आणि रात्रीचा भात सोडला. "आता धावतच नाही, तर कशाला खायचं?" खाणे 1200 वर आले होते, भागाकार 31. म्हणजे विश्रांतीतही ती जवळपास तिथेच, आणि हाड जुळायचे तर बाकी. तिच्यापुढे मी हाच हिशेब कागदावर मांडला.

पहिल्या आठवड्यात फक्त सोडलेले परत आणले. मग रोज 300 वाढविल्या: दोन केळी आणि शेंगदाण्याचा छोटा लाडू. केळ्यांना आपल्याकडे तोटा नाही. पंधरवड्याने आणखी 300: म्हशीच्या दुधाचा मोठा पेला आणि भाकरीवर चमचाभर तूप. एकूण 2250. कोशिंबिरीच्या ढिगाने तिचे पोट आधीच भरे, म्हणून ती जेवणाच्या शेवटी ठेवली. दूध, दही व नाचणी मिळून कॅल्शियम 1000 ते 1300 मिलिग्रॅम व्हावे, असे पाहिले. ड जीवनसत्त्व व लोह डॉक्टरांनी रक्त तपासून ठरविले. मावा जिलेबीला मी मनाई केली नाही. वर्षभर तिने ती तोंडात घातली नव्हती, आणि मला ती भीती उष्मांकांपेक्षा जास्त खटकली. म्हणून समुपदेशकाकडेही पाठविले. चक्कर, दिवसा नाडी 50 च्या खाली किंवा जेवण टाळणे वाढले, तर घरी प्रयोग न करता रुग्णालय, हे आईला बजावले.

कुणीतरी पाळी आणणाऱ्या गोळ्या सुचविल्या. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण तो गोळीचा. उपासमार तशीच राहते आणि आपली एकमेव खूण झाकली जाते. डॉक्टरांनी त्या दिल्या नाहीत.

आठ आठवड्यांनी दाबल्यावर दुखेनासे झाले. तेव्हा चालणे, मग एक मिनिट पळणे नि दोन मिनिटे चालणे. वजन तोवर दोन किलो वाढले होते, त्यावर ती एकदा रडलीही. पाळी आली ती सहाव्या महिन्यात, आणि दुसरी 41 दिवसांनी. सध्या ती एक दिवसाआड तीन किलोमीटर पळते. अंतर वाढले की त्याच दिवशी केळ्यांचा हिशेबही वाढवायचा, असे वहीत तिने स्वतःच लिहून ठेवले आहे.