शुगर किती, सिस्टर?

सर्जिकल वॉर्डात बरीच वर्षं काढली की माणसं नावापेक्षा आकड्यांनी लक्षात राहतात. बाजारात कुणी हाक मारली की मला आधी त्यांची शुगर आठवते, आडनाव नंतर. घरचे यावर हसतात.

१. हॉस्पिटलातली चांगली शुगर घरच्या चांगल्या शुगरपेक्षा वर असते, हे पचायला मला वेळ लागला. मुलगा चार्ट बघून हटकून विचारतो, "सिस्टर, घरी बाबांची उपाशीपोटी ११० असते. इथे १६८ आली तरी तुम्ही शांत कशा?" दाखल झालेल्या बहुतेकांची शुगर आम्ही १४० ते १८०मध्ये ठेवतो, ऑपरेशनच्या आसपास १०० ते १८०. ती १८०च्या वर टिकून राहिली तर डॉक्टर इन्सुलिनकडे वळतात, कारण तिथून पुढे जखम चिघळण्याची भीती वाढते. एके काळी मात्र हवा उलटी होती. २००१ साली बेल्जियममधल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटांची शुगर ८० ते ११०मध्ये ठेवल्यावर मृत्यू कमी झाले, आणि सगळेच त्या आकड्यामागे लागले. मग २००९मध्ये नाइस-शुगर नावाचा सहा हजारांवर पेशंटांचा अभ्यास आला. त्यात कडक नियंत्रणाच्या गटातच मृत्यू जास्त निघाले आणि शुगर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रसंग कितीतरी पटींनी वाढले. पेशंट आयसीयूतले होते, पण धडा आमच्या वॉर्डापर्यंत पोचला. जागा माणूस "घाम फुटलाय" म्हणून सांगतो. भूल दिलेला काय सांगणार?

२. शुगर कधी तपासायची हे घड्याळ नव्हे, पोट ठरवतं. जेवणाऱ्या पेशंटची जेवणाआधी आणि झोपताना बघतात, उपाशी ठेवलेल्याची चार ते सहा तासांनी, आणि ऑपरेशनच्या दिवशी त्याहून लवकर, दोन ते चार तासांनी. शिरेतून इन्सुलिन चालू असेल तर साधारण तासातासाला. गुडघ्याच्या ऑपरेशनला आलेले एक काका आठवतात. रात्रीचं वीस युनिट लांब पल्ल्याचं इन्सुलिन डॉक्टरांनी सोळावर आणलं होतं. उपास आहे म्हणून ते अजिबात बंद करत नाहीत, थोडं कमी करतात. सकाळी सहाला १४२. नंबर पहिला होता, पण मध्येच इमर्जन्सी केस आली आणि ओटीची लिस्ट दुपारवर गेली. दहाला १०८. बाराला ८४, आणि काका मजेत पेपर वाचत होते. सत्तरच्या खाली गेली तरच ती 'लो' म्हणायची, पण घसरण दिसत होती आणि ऑपरेशनसाठी हवी ती शंभरी मागे पडली होती. भूलतज्ज्ञांना फोन केला, त्यांनी ग्लुकोजचं सलाइन लावायला सांगितलं, तासाभराने १२६. सकाळ-दुपार-संध्याकाळच्या छापील रकान्यांवर विसंबलो असतो तर सहानंतर त्यांच्याकडे थेट जेवणाच्या वेळी बघितलं असतं, आणि जेवण तर नव्हतंच.

३. आकडा विचित्र आला की आधी बोट बघावं. एका आजींची शुगर अचानक ३१२ आली. उशाशी प्रसादाचा पेढा होता, बोटं चिकट. साबणाने हात धुवून, कोरडे करून पुन्हा टोचलं, १६४. पहिल्या आकड्यावर इन्सुलिन दिलं असतं तर पुढचं सांगायला नको. बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचलं की दुखतं कमी, हे आजींनीच मला सुनावलं.

४. शुगर नॉर्मल म्हणजे सगळं ठीक, ही माझी सर्वांत लाडकी समजूत होती. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी ती मोडली. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्या चालू असताना माणूस उपाशी राहिला, वर ऑपरेशनचा ताण आला, की रक्तात कीटोन साचून ते आम्लधर्मी होऊ शकतं, आणि ग्लुकोमीटर मात्र १७० दाखवत राहतो. पेशंटला मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप. अशा वेळी शुगरचा आकडा बाजूला ठेवून कीटोन तपासावे लागतात. म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनआधी डॉक्टर या गोळ्या निदान तीन दिवस बंद ठेवतात, तर मेटफॉर्मिन साधारण त्याच दिवशी थांबवतात. घोळ असा, की हृदय किंवा किडनीसाठीही याच गोळ्या दिल्या जातात. "शुगरची गोळी चालू आहे का?" असं विचारलं तर माणूस खरंखुरं "नाही" म्हणतो, मला तर शुगरच नाही, ही हार्टची आहे. त्यामुळे भरतीच्या वेळी मी प्रश्न विचारत बसत नाही. औषधांची पिशवी पलंगावर उपडी करायला सांगते आणि एकेक पाकीट वाचते.